उंच उडायचंय, पण उतरतेस कशी?

*मी नववीत आहे, वय १४. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात चार नंबरवरून स्मॅश मारते, उजव्या हाताने. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ४६ किलो. गेल्या वर्षभरात उंची ६ सेंटीमीटरने वाढली. भिंतीवर मोजली तर उडी ३६ सेंटीमीटर येते. तीन महिन्यांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे आणि सर म्हणतात, हात चांगला आहे पण उडी कमी पडते. दादाने मोबाइलवर साठ दिवसांचा जंप प्रोग्राम शोधून दिला. रोज २०० उड्या, घोट्याला वजनं बांधून, आणि शेवटी घरामागच्या ओट्यावरून खाली उडी मारून लगेच वर. तीन आठवडे झाले. उडी आहे तेवढीच आहे आणि डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलंय. खेळून अंग गरम झालं की कमी होतं, सकाळी जिना उतरताना कळ येते. मैत्रीण म्हणते, दुखल्याशिवाय उडी वाढत नाही. आईला सांगितलं तर खेळणंच बंद होईल. प्रोग्राम पूर्ण करू की सोडू?*

*— नववीतली स्मॅशर, सातारा जिल्हा*

सोड. आजच. घोट्याची वजनं दादाला परत दे आणि ओट्यावर चढायचं ते फक्त बसायला. खेळ सोडायला मात्र मी सांगत नाही. आईला नीट सांगितलंस तर तीही बहुतेक सांगणार नाही, पण सांगायचं आहेच, कारण तुझ्या पत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट उडी नाही, गुडघा आहे.

खुर्चीवर बस, पाय सैल सोड आणि जिथे दुखतं तिथे एक बोट ठेव. बोट वाटीच्या अगदी खालच्या टोकाला टेकलं, तर तिथून निघणाऱ्या जाड पट्ट्यावर, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या स्नायुबंधावर, किंवा वाटीच्या अजून वाढत्या टोकावर ताण आलाय. मोठ्या खेळाडूंमध्ये याच जागेच्या दुखण्याला ‘जंपर्स नी’ म्हणतात. बोट आणखी दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर टेकलं, तर तो पट्टा जिथे हाडाला चिकटतो तिथली वाढीची जागा दुखतेय. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, आणि भराभर उंची वाढत असलेल्या, उड्या मारणाऱ्या मुलामुलींत ते बरंच दिसतं. दोन्हींचं कारण एकच असतं: झेपतं त्याहून जास्त ओढ, आणि सावरायला वेळ नाही. ओढ कमी केली की बहुतेकदा हे दुखणं उतरतं. पण बोट ठेवून आपणच निदान करून मोकळं व्हायचं नाही, एकदा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. गुडघ्याला सूज असेल, लंगडावं लागत असेल, गुडघा अडकत किंवा मध्येच दगा देत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, तर ‘एकदा’ म्हणजे याच आठवड्यात.

खेळताना गरम झाल्यावर दुखणं कमी होतं, म्हणून ते किरकोळ आहे असं तुला वाटत असावं. या प्रकारचं दुखणं नेमकं असंच वागतं. मैदानावर गप्प बसतं आणि हिशोब दुसऱ्या दिवशी मांडतं. म्हणून तुझं माप मैदानावर नाही, सकाळच्या जिन्यावर आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, असा रोज सकाळी एक आकडा वहीत लिही. आकडा तीनपर्यंत असेल आणि दिवसागणिक चढत नसेल, तर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तिथवर सराव चालू ठेवता येतो. कालच्यापेक्षा वाढला, तर त्या दिवशी उड्या बंद. सर्व्हिस, पासिंग, खालून उचललेले बॉल, हे सगळं उडी न मारता होतं.

आता तुझ्या मैत्रिणीचा आणि दादाचा मुद्दा. दोघांनीही एक गोष्ट धरून चाललंय: जास्त उड्या मारल्या की उडी जास्त उंच होते. मग मला सांग, तू सरावात किती उड्या मारतेस? माहीत नसेल तर या आठवड्यात मैदानाबाहेर बसलेल्या एखाद्या मुलीला मोजायला लाव. स्मॅश, ब्लॉक, जंप सर्व्हिस, बॉल न मिळता मारलेली फसवी उडी, सगळं धरून. स्मॅश मारणाऱ्या मुलीचा आकडा दोन तासांच्या सरावात सहज शंभरच्या आसपास जातो. त्यावर तू रोज आणखी २०० टाकत होतीस, तेही दमलेल्या पायांनी. दमलेल्या पायांची उडी बुटकी असते. म्हणजे आठवड्याला शेकडो वेळा तू शरीराला बुटकी उडीच शिकवत होतीस. स्नायूंची ताकद आणि झटका वाढतो तो ताण दिल्यावर मिळालेल्या विश्रांतीत, आणि तुझ्या तीन आठवड्यांत विश्रांतीचा दिवस कुठे दिसत नाही. उडी वाढली नाही यात मला काहीच नवल वाटत नाही.

डाव्याच गुडघ्याला का, याचा अंदाज पत्रावरून बांधता येतो. उजव्या हाताने मारणारी मुलगी बॉल डोक्यामागे किंवा डाव्या खांद्याकडे गेला की हवेत डावीकडे कलते आणि एकट्या डाव्या पायावर उतरते. दादाला म्हणावं, प्रोग्राम शोधण्यापेक्षा नेटच्या बाजूला उभा राहून तुझ्या दहा स्मॅशचा व्हिडिओ काढ, आणि आणखी दहांचा समोरून, नेटच्या पलीकडून. मग हळू वेगात बघा: आधी कोणता पाय टेकतो, आणि टेकल्यावर गुडघा कुठे जातो. टेकताना गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकत असेल तर ती खरी काळजीची गोष्ट आहे. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला लिगामेंट, एसीएल, तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि तो तुटतो तो पुष्कळदा कुणाचा धक्का लागून नव्हे, तर अशाच आत झुकलेल्या, जवळपास ताठ गुडघ्यावर उतरताना.

उतरण्याला मी एवढं महत्त्व का देतेय ते तुझ्याच आकड्यांवर करून बघू. तू ३६ सेंटीमीटर वरून खाली येतेस. पाय टेकल्यावर तुझं अंग पूर्ण थांबेपर्यंत आणखी किती खाली जातं, यावर सगळं आहे. ताठ पायांनी धप्पकन उतरलीस आणि जेमतेम ९ सेंटीमीटरमध्ये थांबलीस, तर थांबताना पायांवर येणारा सरासरी भार वजनाच्या १ अधिक ३६ भागिले ९, म्हणजे पाच पट होतो. ४६ किलोच्या पाचपट २३० किलो. तीच उडी, पण गुडघे-कंबर वाकवून २४ सेंटीमीटरमध्ये थांबलीस, तर भार अडीच पट, म्हणजे ११५ किलो. निम्मा! ही सरासरी आहे, टेकल्याबरोबरचा क्षणिक झटका याहून मोठा असतो. आणि एकाच पायावर उतरलीस तर सगळा भार त्या एकट्यावर. दिवसाला शंभर उड्यांनी याला गुण, म्हणजे दुखतं का याचं उत्तर कागदावरच मिळेल.

तर पहिले तीन आठवडे तू उंच उडायचं नाहीस, उतरायचं आहेस. (सरांना हे पटवणं तुझं काम. हा परिच्छेद दाखव.) गुडघ्याचा सकाळचा आकडा दोनच्या आत आला की सुरुवात करायची.

चवड्यांवर उभी राहा, हात वर. तिथून एकदम खाली बस, हात मागे झोकून, आणि अर्ध्या बैठकीत गोठून जा. मनात एक, दोन म्हण आणि मग उठ. गोठल्यावर तपास: पाय खांद्याएवढे रुंद, दोन्ही गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, कंबर मागे गेलेली, छाती किंचित पुढे, वजन चवडा आणि टाच दोन्हींवर. कंबर मागे जायला हवी हे मुली हमखास विसरतात. नुसते गुडघे पुढे काढून बसलं की सगळा भार पुन्हा त्याच दुखऱ्या पट्ट्यावर येतो. मांडीचा मागचा भाग आणि नितंब कामाला लागले पाहिजेत. खुर्चीवर बसायला निघालो आणि ऐनवेळी कुणी खुर्ची ओढली, साधारण त्या ठिकाणी थांबायचं.

हे जमलं की जिन्याची एक पायरी, १५ ते २० सेंटीमीटरची. खाली उडी मारायची नाही. एक पाय पुढे काढायचा, पायरीवरून सुटायचं आणि दोन्ही पायांवर एकाच वेळी टेकायचं. आधी चवडा, लगोलग टाच, आणि तसंच गोठायचं. इथे कान तुझा गुरू. बुटाचा ‘थप्’ आवाज आला तर ताठ उतरलीस, दोन आवाज आले तर पाय एकत्र टेकले नाहीत. पाच-पाचच्या चार फेऱ्या, मध्ये मिनिटभर थांबून. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर, आणि सरावाच्या आधी, अंग गरम करून. सरावानंतर नको, तेव्हा पाय दमलेले असतात आणि दमलेला पाय चुकीचंच उतरतो. शाळेचं ग्राउंड सिमेंटचं असेल तर हे मातीवर किंवा छाटलेल्या गवतावर कर. वाळू मऊ लागते म्हणून बरी वाटते, पण तिच्यात घोटा डुलतो आणि आवाजही ऐकू येत नाही, सुरुवातीला ती नको.

त्याच दोन दिवशी थोडी ताकद. सावकाश बैठका (खाली जाताना तीन सेकंद), एक पाय पुढे एक मागे ठेवून खाली-वर होणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि पायरीच्या काठावर टाचा वर-खाली करणं. प्रत्येकी आठ-दहाच्या दोन-तीन फेऱ्या. यातलं काही केल्याने गुडघ्याचा आकडा तीनच्या वर जात असेल तर खोली कमी कर, कमी वाकून कर. हा भाग कंटाळवाणा आहे आणि याचे व्हिडिओ कुणी एकमेकांना पाठवत नाही, पण नवख्या खेळाडूची उडी निम्मी-अधिक इथूनच वाढते असं माझं मत आहे.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं? तारीख बघून नाही. पायरीवरून पाचपैकी पाच वेळा आवाज न करता, गुडघा आत न झुकता उतरता आलं, व्हिडिओत तसं दिसलं आणि सकाळचा जिना शांत असला, तर. तुला तीन आठवडे लागतील, तुझ्या संघातल्या दुसरीला पाच. मधल्या काळात उंची झपाट्याने वाढली तर जमलेलंही पुन्हा बिघडतं, कारण पाय लांब झालेले असतात आणि त्यांना सावरण्याची ताकद मागाहून येते. तसं झालं तर निमूट एक टप्पा खाली.

दुसऱ्या टप्प्यात वर उडायचं, पण एकेक उडी सुटी. जागेवरून हात झोकून पूर्ण जोरात वर, उतरून दोन सेकंद गोठायचं, सरळ व्हायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची. पाचच्या तीन फेऱ्या. शिवाय गुडघ्याच्या खाली येईल अशा, न हलणाऱ्या पक्क्या ओट्यावर चढती उडी, आणि परत येताना चालत उतरायचं. चढत्या उडीत शरीर फारसं खाली पडतच नाही, म्हणून झटक्याचा सराव होतो आणि उतरण्याचा भार वाचतो. ओटा मात्र उंच करत नेऊ नकोस. उंच ओट्यावर गुडघे छातीशी ओढून चढता येतं, त्याने उडी वाढल्याचा भास होतो आणि नडगी सोलते ती वेगळीच.

तिसरा टप्पा सलग उड्यांचा, आणि खरं प्लायोमेट्रिक इथून सुरू होतं. त्यामागचं तत्त्व सोपं आहे: स्नायू आधी झटकन ताणला गेला आणि लगेच आकसला, तर नुसत्या आकसण्यापेक्षा जास्त जोर देतो. मध्ये रेंगाळलं की तो फायदा विरून जातो. सुरुवात घोट्यांच्या छोट्या उड्यांनी. गुडघे जेमतेम मोकळे, जमिनीवर रेषा आखून तिच्या अलीकडे-पलीकडे टुणटुण, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. मग दोन सलग पूर्ण उड्या, पुढे तीन, आणि शेवटची नेहमी गोठवायची. मग अप्रोच घेऊन उडी, बॉलशिवाय. एका दिवसात सगळं धरून ६० ते ८० वेळा पाय टेकले की पुरे, आणि हा आकडा त्या दिवशीच्या सरावातल्या उड्यांतून वळता करायचा, त्यावर चढवायचा नाही. शनिवारी मॅच असेल तर शुक्रवारी यातलं काहीच नाही.

आणि तो ओटा? उंचावरून खाली पडून लगेच वर उसळण्याची पद्धत नावारूपाला आणली सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी, १९६० च्या दशकात. तिथे ती अनेक वर्षं ताकदीचं काम केलेल्या, तयार खेळाडूंना, थोड्या संख्येत आणि देखरेखीखाली दिली जायची. मोबाइलवरच्या प्रोग्राममध्ये ती सगळ्यांत भारी दिसते म्हणून घातलेली असते. तुला ती आणखी दोन-तीन वर्षं तरी लागणार नाही.

नेटजवळची एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तिथे प्रश्न गुडघ्याचा नसून घोट्याचा असतो. व्हॉलीबॉलमध्ये अचानक होणारी सर्वांत नेहमीची दुखापत म्हणजे घोटा मुरगळणं, आणि ते पुष्कळदा मधल्या रेषेवर, ब्लॉकवालीच्या किंवा समोरच्या स्मॅशरच्या पायावर पाय पडून होतं. तू वर उडण्याऐवजी पुढे उडत असशील तर तो पाय तुझा असेल. निघालीस तिथे खडूने खूण कर आणि टेकलीस तिथे दुसरी. हातभर पुढे जात असशील तर शेवटून दुसरं पाऊल लांब आणि टाचेवर टाक, म्हणजे पुढचा वेग तिथे अडतो आणि वर वळतो. शेवटचं, डावं पाऊल झटकन त्याच्या जरा पुढे, पायाचा पंजा थोडा नेटला समांतर वळवून. दोन्ही हात मागे पूर्ण जाऊन वर आले पाहिजेत. हात पाठीशी धरून एक उडी मार आणि हात झोकून एक मार, भिंतीवरचा फरक तुला सांगेल की हातांचं काम किती आहे.

आता निवड चाचणी. तीन महिन्यांत नीट काम केलंस तर उडीत काही सेंटीमीटरची भर पडेल, दोन-चार धरून चाल. पंधरा सेंटीमीटर देणारा प्रोग्राम खोटं बोलतोय. मोजताना दर वेळी आधी उभ्याने हात वर करून खूण कर आणि मग उडीची, कारण तुझी उंचीच वाढतेय आणि नुसती वरची खूण बघितलीस तर उंचीलाच उडी समजशील. महिन्यातून एकदा मोजलं तरी चालेल.

पण त्या बाजूच्या व्हिडिओत आणखी एक बघ: बॉलला हात लागतो तेव्हा तू वर जात असतेस, वरच्या टोकाला असतेस, की खाली यायला लागलेली असतेस? वरच्या टोकानंतर एक दशांश सेकंद उशिरा मारलं तर तू तोवर ५ सेंटीमीटर खाली आलेली असतेस. दीड दशांश सेकंदाला ११. तीन महिन्यांच्या उड्यांनी जे मिळणार, त्याहून जास्त अशा उशिरापायी जाऊ शकतं, आणि हे सुधारायला गुडघ्यावर एक किलोचाही भार लागत नाही. लिफ्टरला सोबत घे, रोज सरावाच्या सुरुवातीला दहा बॉल फक्त वेळ जुळवण्यासाठी मार, जोर न लावता. बहुतेक मुली बॉल उठल्याबरोबर धावतात, त्याखाली पोचून थांबतात आणि मग जागेवरून बुटकी उडी मारतात, किंवा उलट घाबरून उशिरा निघतात. तुझं यातलं कोणतं, ते व्हिडिओत दिसेल. सरांनी ‘उडी कमी पडते’ म्हटलं तेव्हा त्यांनी भिंतीवर मोजलेलं नव्हतं, तुझा हात नेटवर कुठे दिसतो ते बघितलं होतं.

चाचणीच्या आधीचा आठवडा उड्या निम्म्या कर, शेवटचे दोन दिवस अजिबात नकोत. आणि चाचणीच्या सकाळी वहीतला आकडा तीनच्या वर असेल तर सरांना तो दाखव, खेळायचं की नाही ते त्यांच्याशी आणि आईशी बोलून ठरव.